माणूस गेला, त्याने दिलेल्या शब्दांचं काय?

जुलै महिन्यातली गोष्ट. चाकणच्या एका कारखान्यात आमचा टेम्पो दुपारी साडेतीनला पोचला. टेम्पो उघडा होता, वर ताडपत्री बांधलेली. आत बाराशे पुठ्ठ्याच्या पेट्या होत्या, फाइव्ह प्लाय, म्हणजे पाच थरांच्या. चपट्या घालून गठ्ठे बांधलेले. स्टोअरमधल्या काकांनी कडेच्या गठ्ठ्यातली एक पेटी ओढून काढली आणि तिचा कोपरा अंगठ्याने दाबला. चहात बुडवलेलं बिस्किट दबावं तसा तो कोपरा आत गेला. त्यांनी तिथूनच मला फोन लावला.

“साहेब, तुमचे ते मॅनेजर फोन उचलत नाहीत. पावसाळ्यात बंद टेम्पो पाठवायचं ठरलंय ना आपलं? आणि सकाळी अकराच्या आत. दुपारी शेडखाली आमचे ट्रेलर लागतात, तुमचा माल मला पावसात उतरवावा लागतो.”

मी म्हणालो, “काका, ते आता आमच्याकडे नाहीत.”

“कधीपासून?”

“बारा दिवस झाले.”

काका काही बोलले नाहीत. त्या गप्प बसण्याचा अर्थ मला तेव्हाच कळला. माल भिजल्याचं त्यांना फारसं दुःख नव्हतं, भिजलेला माल परत पाठवता येतो. ज्याच्याशी सहा वर्षं रोज बोलत होतो तो माणूस गेला आणि हे आपल्याला कुणी सांगितलंही नाही, याचं दुःख होतं. चूक सर्वस्वी आमची होती.

मी तेव्हा पुण्यातल्या एका पेट्या बनवणाऱ्या कंपनीत मार्केटिंग बघत होतो. गेलेला माणूस आमचा अकाउंट मॅनेजर होता. या नावामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो. त्याचा हिशेबाशी संबंध नाही. इथे अकाउंट म्हणजे नेहमीचा ग्राहक. नवा ग्राहक मिळवणारा विक्रेता वेगळा. ग्राहक मिळाल्यावर त्याची ऑर्डर, दर, तक्रारी, अडलेली बिलं आणि ऐन वेळच्या मागण्या या सगळ्यांसाठी एकच माणूस नेमलेला असतो, तो अकाउंट मॅनेजर. बँकेत त्याला रिलेशनशिप मॅनेजर म्हणतात, जाहिरात कंपनीत क्लायंट सर्व्हिसिंग. ग्राहकाच्या लेखी कंपनी म्हणजे हाच माणूस. कंपनीचा मालक कोण, हे काकांना बहुधा ठाऊकही नसेल.

असा माणूस नोकरी सोडतो तेव्हा कंपनीला वाटतं, एक खुर्ची रिकामी झाली, दुसरा बसवू. आम्हीही तेच केलं. जागेवर एक बाई आल्या, अनुभवी होत्या, छपाईच्या धंद्यातून आलेल्या. त्या रुजू झाल्या त्या दिवशी ऑफिसातून चौदाही ग्राहकांना एकच मेल गेला. त्यात लिहिलं होतं की अमुक यांनी कंपनी सोडली आहे, यापुढे तमुक आपल्या सेवेत असतील, पूर्वीप्रमाणेच सहकार्य असावं. खाली नवा नंबर. मेल गेला परचेस विभागाच्या पत्त्यावर. स्टोअरला गेला नाही, क्वालिटीला गेला नाही, बिलं पास करणाऱ्यांना तर नाहीच. परचेसमध्येही तो दिवसभरात येणाऱ्या शंभर मेलांत बुडाला. आम्ही मात्र ओळख करून दिली असं समजून निर्धास्त होतो.

त्या मेलमध्ये काय नव्हतं, तेच महत्त्वाचं आहे. ग्राहक असा निरोप वाचतो तेव्हा नव्या माणसाचं शिक्षण आणि अनुभव यांत त्याला रस नसतो. त्याच्या मनात एकच प्रश्न येतो, माझं जे काम मध्येच अडकलंय त्याचं आता काय? बंद टेम्पोचं ठरलं होतं त्याचं काय? दर कमी करून देतो म्हणाले होते त्याचं काय? यातलं बरंचसं पर्चेस ऑर्डरवर कधी लिहिलेलंच नसतं. पीओवर माप असतं, थर असतात, कागदाचं वजन असतं, दर असतो. पावसाळ्यात माल अकराच्या आत आणि बंद गाडीतून यायचा, हे दोन माणसांनी गोदामाच्या दारात उभं राहून ठरवलेलं असतं. माणूस जातो तेव्हा नेमकं हेच त्याच्याबरोबर जातं. आणि पेटीच्या बाबतीत हे किरकोळ नाही. क्राफ्ट कागद हवेतला ओलावा ओढून घेतो. भर पावसाळ्यातल्या दमट हवेत पेटीची वजन पेलण्याची ताकद निम्म्यावर येऊ शकते. मग एकावर एक रचलेल्या पेट्यांतली तळाची पेटी बसते आणि आतला सुटा भाग वाकतो.

याला कायद्याची बाजूही आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. भारतीय करार कायदा 1872 सालचा. त्याचं कलम 208 असं सांगतं, की प्रतिनिधीचा अधिकार काढून घेतला, तरी तिसऱ्या माणसापुरता तो संपतो तो त्याला ते कळेल तेव्हाच. या कलमाखाली दिलेलं एक उदाहरण चक्क मुंबईचं आहे. मद्रासचा एक व्यापारी मुंबईच्या गोदामात पडलेला आपला कापूस विकायला एका माणसाला पत्राने सांगतो. पुढे दुसरं पत्र लिहून तो अधिकार काढून घेतो. दुसरं पत्र हातात पडल्यावरही तो माणूस कापूस विकतो, पैसे घेतो आणि पळून जातो. विकत घेणाऱ्याला पहिलं पत्र माहीत होतं, दुसऱ्याचा पत्ता नव्हता. कायदा म्हणतो, विकत घेणाऱ्याने पैसे दिले ते बरोबरच दिले, मालकाला ते पुन्हा मागता येणार नाहीत. म्हणजे ग्राहकाला कळवलेलं नाही तोवर गेलेला माणूस हा ग्राहकापुरता तुमचाच माणूस आहे. त्याने सोडल्यानंतर आठवड्याने फोनवर एखादा दर कबूल केला, तर तो आमच्या गळ्यात पडू शकला असता.

काकांच्या फोननंतर त्याच संध्याकाळी आम्ही चौघे बसलो, मालक, नव्या मॅडम, डिस्पॅचचा मुलगा आणि मी. ओळख पुन्हा पहिल्यापासून करून द्यायची असं ठरलं.

पहिला प्रश्न होता, गेलेल्या माणसाने कुणाला काय शब्द दिलाय हे शोधायचं कसं? खरं म्हणजे ते त्याच्या नोटीसच्या महिन्यातच करायला हवं होतं. एकेक ग्राहक घेऊन त्याच्यासमोर बसायचं आणि विचारायचं, तोंडी काय ठरलंय, काय अर्धवट आहे, कोण कशावर नाराज आहे. आमच्याकडे त्या महिन्यात त्याने फायली आणि लॅपटॉप परत केला, त्याला आम्ही हँडओव्हर म्हणालो. सुदैवाने त्याचा फोन नंबर कंपनीच्या नावावरचा होता आणि तो त्याने परत केला होता. पण ते सिम बंद करून खणात टाकलेलं होतं. काकांचा फोन तो उचलत नव्हता, कारण फोनच नव्हता. आम्ही सिम काढून मॅडमच्या दुसऱ्या मोबाइलमध्ये घातलं. जुना नंबर निदान सहा महिने वाजता ठेवला पाहिजे आणि तो नव्या माणसानेच उचलला पाहिजे. मेलच्या पत्त्याचंही तेच.

मग मागच्या वर्षभराचे मेल, व्हॉट्सअॅप ग्रुप आणि चलनं चाळली. सर्वांत जास्त माहिती मिळाली ती मात्र आमच्या टेम्पोवाल्याकडून. कुठल्या गेटवर काय लागतं, कुठे माल मोजून घेतात, कुठे पिनऐवजी डिंकाने चिकटवलेलीच पेटी चालते, कुणाला चलनाच्या तीन प्रती लागतात, त्याला सगळं पाठ होतं. चाकणचा बंद टेम्पोही त्याला माहीत होता. त्या दिवशी बंद गाडी दुरुस्तीला गेली होती, दुसरी मागवायची का हे विचारायला कुणी नव्हतं, म्हणून ताडपत्री टाकून उघडी गाडी निघाली. मॅडमनी प्रत्येक ग्राहकाचा एकेक कागद केला. त्यावर दहाबारा ओळी, सगळ्या न लिहिलेल्या गोष्टींच्या.

दुसरा प्रश्न क्रमाचा. आमच्या मालकांचं म्हणणं, मोठ्या उलाढालीचे ग्राहक आधी. मला ते पटलं नाही. सर्वांत मोठा ग्राहक वर्षाच्या करारावर होता, दर ठरलेले, तक्रार काही नाही, तो आठ दिवस थांबला असता. खरी घाई होती ती जिथे काही मध्येच लोंबकळत होतं तिथे. एका ठिकाणी नव्या पेटीची ट्रायल चालू होती, एका ठिकाणी दराचं नूतनीकरण महिन्यावर आलं होतं, दोन ठिकाणी बिलं अडली होती, आणि चाकण तर होतंच. या पाचांना दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फोन गेले. फोन मॅडमनी केले नाहीत. अनोळखी माणसाने “मी आता तुमचं काम बघणार” म्हणून स्वतःचीच ओळख सांगितली, तर ऐकणारा सावध होतो आणि व्हायलाच पाहिजे. ज्याचा आवाज ग्राहकाला ओळखीचा आहे त्याने फोन करायचा. आमच्यात ते मालक आणि मी. फोननंतर लगेच लेखी निरोप, तोही प्रत्येकाला वेगळा. चाकणला गेलेला असा होता:

“नमस्कार. आपलं काम बघणारे आमचे मॅनेजर 30 जूनला कंपनीतून गेले. हे आपल्याला तेव्हाच कळवायला हवं होतं, ते राहून गेलं, याबद्दल दिलगीर आहोत. यापुढे आपलं काम मॅडम बघतील. जुना नंबर चालू आहे, तोही त्याच उचलतील. जून ते सप्टेंबर बंद टेम्पो आणि सकाळी अकराच्या आत माल, हे ठरलेलं तसंच राहील. भिजलेल्या बाराशे पेट्या परत घेतोय, बदली माल परवा सकाळी पोचेल. आमचं बँक खातं तेच आहे, त्यात काहीही बदल नाही. गुरुवारी मी आणि मॅडम भेटायला येतोय.”

बँक खात्याचं वाक्य कशाला, असं कुणाला वाटेल. माणूस बदलला की ठगांना संधी मिळते. पुरवठादाराच्या नावाने खोटा मेल पाठवायचा, नवा माणूस आणि नवं खातं कळवायचं आणि पुढचं पेमेंट तिकडे वळवायचं, हा फसवणुकीचा रुळलेला प्रकार आहे. म्हणून माणूस बदलल्याच्या निरोपातच खातं तेच असल्याचं स्पष्ट सांगावं आणि पुढे कधी बदललंच तर आधी ओळखीच्या नंबरवर फोन करून खात्री करा, असंही सांगून ठेवावं.

जाण्याचं कारण किती सांगायचं? एका वाक्यापुरतं, आणि खरं. आमचा माणूस दुसऱ्या पेटीच्या कंपनीत गेला होता. ग्राहकांना ते आठवडाभरात कळणारच होतं, म्हणून कुणी विचारलं तर आम्ही लपवलं नाही. त्याला तिकडे जाण्यापासून अडवणंही आमच्या हातात नव्हतं. त्याच करार कायद्याच्या कलम 27 प्रमाणे, नोकरी सोडल्यावर याच धंद्यात काम करायचं नाही असं लिहून घेतलेलं बंधन आपल्याकडे सहसा टिकत नाही. आमचे गुप्त दर किंवा डिझाइन त्याने उचलून नेले असते तर गोष्ट वेगळी. त्याच्याबद्दल ग्राहकासमोर वाईट बोलायचं नाही, हे मी मॅडमना निक्षून सांगितलं. काकांची आणि त्याची सहा वर्षांची ओळख होती. त्याला नाव ठेवलं असतं तर काकांनी आमचंच माप काढलं असतं. पैशांची अफरातफर करून माणूस गेला असेल तेव्हा मात्र आडपडदा ठेवू नये. आमच्या वतीने बोलायचा, पैसे घ्यायचा अधिकार त्याला आता नाही, एवढं लेखी आणि त्याच दिवशी कळवावं. मुंबईचा तो कापूस याच कारणासाठी लक्षात ठेवायचा.

गुरुवारी आम्ही चाकणला गेलो. आधी स्टोअरमध्ये, मग परचेसला. मॅडमनी कंपनीची माहितीपत्रकं काढली नाहीत. त्यांनी आपला तो कागद काकांपुढे ठेवला आणि म्हणाल्या, “काका, एवढं मला शोधून सापडलंय. यात काय राहिलंय ते तुम्ही सांगा.” काकांनी चष्मा लावून कागद वाचला. दोन ओळी दुरुस्त केल्या, तीन वाढवल्या. त्यातली एक अशी होती, की गठ्ठा पंचवीसचा नको, वीसचा करा, आमच्या दोन बायका तो उचलतात. सहा वर्षांत हे आमच्या ऑफिसपर्यंत पोचलंच नव्हतं.

परचेसमध्ये मामला अवघड होता. तिथल्या साहेबांनी सांगितलं, “फेब्रुवारीपासून दर साडेएकतीसवरून पावणेएकतीस करतो म्हणाले होते. तुमची बिलं मार्चच्या मध्यापर्यंत जुन्याच दराने आली. क्रेडिट नोट देतो म्हणाले, आली नाही.” आमच्या फायलीत याचा मागमूस नव्हता. अशा वेळी नवा माणूस दोनपैकी एक चूक करतो. एक तर खूश करायला तिथल्या तिथे हो म्हणतो, नाहीतर “आमच्याकडे नोंद नाही” म्हणून झटकतो. मॅडमनी आकडा लिहून घेतला, कोणत्या बिलांवर फरक येतो ते विचारलं आणि म्हणाल्या, “सोमवारी दुपारपर्यंत मी हो किंवा नाही सांगते.” ऑफिसात येऊन शोधलं तेव्हा व्हॉट्सअॅपवर जुन्या मॅनेजरचा निरोप सापडला, “1 फेब्रुवारीपासून 30.75 धरा.” त्या काळात 8,400 पेट्या गेल्या होत्या. पेटीमागे पाऊण रुपया, म्हणजे 6,300 रुपये आणि त्यावरचा जीएसटी. सोमवारी अकरा वाजता क्रेडिट नोट गेली. याला मुदत असते हेही सांगायला हवं. मार्चला संपलेल्या वर्षातल्या विक्रीवरची क्रेडिट नोट त्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंत रिटर्नमध्ये दाखवली नाही, तर त्यावरचा जीएसटी कमी करून घेता येत नाही. वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं, तर मुदत तेव्हाच संपते. गेलेल्या माणसाचा शब्द डिसेंबरात सापडला असता, तर कराचा भुर्दंड आमच्यावर बसला असता.

सगळे दावे खरे निघाले नाहीत. दुसऱ्या एका ग्राहकाने साठऐवजी नव्वद दिवसांनी पैसे द्यायचं ठरलं होतं असं सांगितलं. कुठेच पुरावा मिळाला नाही, वर्षभराची पेमेंटं साठाच्या आतबाहेर होत होती. मॅडमनी ती यादी त्यांना दाखवली आणि साठच राहतील असं शांतपणे सांगितलं. त्यांनी फार ताणलं नाही. नव्या माणसाला थोडं चाचपून बघणं चालतंच.

पुढचा महिना खरा कसोटीचा असतो, आणि तिथे बिघडतं ते बहुतेक वेळा मालकामुळे. आमच्याकडे काही ग्राहक मॅडमना सोडून थेट मालकांना फोन करायला लागले आणि मालक जुन्या सवयीने तिथल्या तिथे प्रश्न सोडवून टाकायला लागले. असं चारदा झालं की नव्या माणसाला ग्राहकाकडे किंमत उरत नाही. मी मालकांना विनंती केली, फोन जरूर घ्या, पण उत्तर द्या की “त्या अर्ध्या तासात फोन करतील.” आणि त्यांना हातात काही अधिकारही द्या. पंचवीस हजारांपर्यंतचा खराब माल कुणाला न विचारता परत घ्यायची मोकळीक त्यांना दिली. प्रत्येक गोष्टीला “वर विचारून सांगते” म्हणणाऱ्या माणसाला ग्राहक निरोप्या समजतो.

ओळख रुजली नाही हे ओळखायचं कसं? भांडणाऱ्या ग्राहकाची मला काळजी वाटत नाही, गप्प होणाऱ्याची वाटते. तक्रारी अचानक थांबल्या, महिन्याचं शेड्यूल थोडं थोडं आटायला लागलं, नमुन्याची पेटी परत मागवली गेली, तर समजावं की दुसरीकडे चाचपणी सुरू झाली आहे. आमच्या चौदांपैकी एक ग्राहक असाच गेला. त्याला फोन करायला आम्ही सर्वांत उशीर केला होता, एकविसाव्या दिवशी. तोवर आमचा जुना माणूस नव्या कंपनीचा दर घेऊन त्याच्याकडे जाऊन आला होता.

वाचकांपैकी जे ग्राहकाच्या बाजूला बसतात, त्यांनाही एक सांगणं आहे. तुमच्याकडे माल किंवा सेवा देणारा माणूस बदलला, तर नव्याला पंधरा मिनिटं द्या आणि आधीच्याशी तोंडी जे ठरलं होतं ते सगळं त्याला सांगा, शक्य तर लिहून द्या. तो विचारायला आला नाही, तर तुम्ही बोलावून घ्या. ते शब्द तुमच्याच कामाचे आहेत.

चाकणचा तो कागद पुढे दोन्हीकडच्या फायलींत लागला. त्यावर पहिली ओळ काकांच्या अक्षरात आहे: जून ते सप्टेंबर, बंद टेम्पो, सकाळी अकराच्या आत, गठ्ठा वीसचा.